रात्रभर उघडी बादली, उडालेला क्लोरीन आणि करपलेली टोकं

शेवंती (मूळ पोस्ट):
नळाचं पाणी थेट झाडांना घालू नका. त्यातल्या क्लोरीनने मुळं जळतात. रात्रभर बादलीत उघडं ठेवा, सकाळी घाला. माझ्या स्पायडर प्लांटची टोकं करपायची, हे सुरू केल्यापासून नवीन पानं एकदम स्वच्छ येतायत.

तिसरा_मजला:
ही पोस्ट या महिन्यात चौथ्यांदा वाचली, म्हणून आता लिहितोच. वीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काढली आहेत. पाण्यात क्लोरीनसाठी घालायच्या टीसीएल पावडरीचा वास अजून स्वप्नात येतो.

ताई, तुमच्या घरी पाणी येतं कुठून? सकाळी दोन तास लाइन येते, खालच्या टाकीत पडते, मग पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि तिथून तुमच्या नळाला. म्हणजे तुमच्या बादलीच्या आधी ते पाणी दोन टाक्यांत मुक्काम करून आलेलं असतं. शिळंच आहे ते. आणखी किती शिळं करणार?

हे मी मोजलंय. क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाची बाटली घेतली. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक वापरतात तीच, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. पार्किंगमधल्या थेट लाइनच्या नळाला लिटरमागे साधारण ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन आलं. खालच्या टाकीत ०.२. स्वयंपाकघराच्या नळाला इतका फिका रंग की पांढरा कागद मागे धरून बघावा लागला. जे उडवायला तुम्ही रात्रभर बादली अडवता, ते बादलीत आलेलंच नसतं.

शेवंती:
माझी टोकं करपायची थांबली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या पिवळ्या थेंबांपेक्षा माझा माझ्या झाडावर विश्वास आहे. आणि सगळ्यांकडे टाक्या नसतात. माझ्या माहेरी थेट लाइन आहे.

गच्चीवरचा_माळी:
शेवंतीताई बरोबर आहेत. क्लोरीन हा वायू आहे, उघडं ठेवलं की उडून जातो, शाळेत शिकलोय. आणि मुद्दा मुळं जळण्याचा नाहीच, मातीतल्या जिवाणूंचा आहे. क्लोरीन पाण्यातले जंतू मारण्यासाठीच घालतात ना? मग तो मातीत जाऊन काय हातावर हात ठेवून बसेल? मी जीवामृत वापरतो. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, गूळ, बेसन, एवढी मेहनत करायची आणि वरून क्लोरीनचं पाणी ओतायचं?

तिसरा_मजला:
माळीबुवा, शाळेत अर्धंच शिकवलं. आपल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन वायू म्हणून राहत नाही, पाण्याशी संयोग होऊन बसतो. त्यामुळे सोड्याच्या फेसासारखा तो भुर्रकन उडत नाही. थेट लाइनचं ०.५ वालं पाणी मी संध्याकाळी मोरीत, अंधारात, तोंडाशी अरुंद असलेल्या बादलीत ठेवलं. सकाळी सातला तपासलं तर निम्म्याहून जास्त रंग शिल्लक. तेच पाणी दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात पसरट घमेल्यात ठेवलं, दोन तासांत रंग गेला. त्याला ऊन खातं. म्हणजे उडवायचाच हट्ट असेल, तर रात्र ही सगळ्यात वाईट वेळ.

आणि जिवाणू. क्लोरीन हातावर हात ठेवून बसत नाही, हे खरंच. पण तो समोर येईल त्या सेंद्रिय कचऱ्याशी भिडतो आणि तिथेच संपतो. कुंडीत कोकोपीट, शेणखत, कुजलेली पानं, सगळं त्याचंच खाद्य. अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन वरच्या बोटभर थरातच गारद होतो. तुमच्या दहा किलो शेणासमोर तर त्याचं काय चालणार? पिंपात शेण कालवलंत की काही मिनिटांत विषय संपला.

हिरवा_चाफा:
"वरच्या बोटभर थरात गारद" हे पण मोजलंत का, की ठोकून दिलंत?

तिसरा_मजला:
मोजलंय. कुंडीत लाइनचं पाणी ओतलं, खालच्या भोकातून आलेलं पकडलं, थेंब टाकले.

हिरवा_चाफा:
कोकोपीटमधून आलेलं पाणी चहासारखं असतं हो! त्यात पिवळा रंग कसा दिसला तुम्हाला?

तिसरा_मजला:
प्रश्न रास्त आहे, मान्य. त्याच पाण्याच्या दोन नळ्या शेजारी धरल्या होत्या, एकीत थेंब टाकले, दुसरीत नाही. दोन्ही सारख्याच चहासारख्या. बारीकसा फरक असेल तर माझ्या डोळ्याला दिसला नसेल, एवढं कबूल करतो. पुढचं काही कबूल करत नाही. (आणि ते थेंब टाकलेलं पाणी झाडाला किंवा पिण्याच्या भांड्यात घालू नका, ओटी विषारी आहे. सांगितलेलं बरं, इथे लोक काहीही करतात.)

मासेवाली_मावशी:
तिसरा मजला, तुम्ही लोकांना चुकीचं सांगताय. मी एकदा थेट नळाचं पाणी घातलं, सकाळी सगळे गप्पी उलटे तरंगत होते. तेव्हापासून पाणी ठेवल्याशिवाय नाहीतर हायपोचा खडा टाकल्याशिवाय मी घालतच नाही.

तिसरा_मजला:
मावशी, धागा झाडांचा आहे. माशाच्या कल्ल्यांतून तेच पाणी चोवीस तास फिरतं, मध्ये माती नाही, काही नाही. माशांसाठी तुमचं शंभर टक्के बरोबर. स्पायडर प्लांटला कल्ले नसतात.

मासेवाली_मावशी:
बरं. पण मनी प्लांट बाटलीत ठेवतात त्याचं काय? तिथेही माती नाही.

तिसरा_मजला:
हा प्रश्न मात्र चांगला आहे. तिथे मुळं थेट पाण्यात असतात. पण आपल्या नळाला येतो तेवढ्याने मनी प्लांटचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही. उलट बाटलीत शेवाळ धरायला थोडा उशीर लागतो.

सातासमुद्रापार:
इथे बे एरियात ही बादलीची युक्ती चालतच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यात २००४ पासून क्लोरीनऐवजी त्याचंच जास्त टिकणारं संयुग, क्लोरामाइन, आहे. ते रात्रभर काय, दोन दिवस ठेवलं तरी बरंचसं तसंच राहतं. तरी माझी तीस झाडं नळाच्याच पाण्यावर उभी आहेत. इथलेही लोक बादल्या भरून ठेवतात, गंमत म्हणजे त्यांचीही झाडं "सुधारतात".

खारट:
टोकं का करपतात ते कोणी सांगेल का? सगळे क्लोरीनच्या मागे लागलेत. आमची सोसायटी शहराच्या कडेला आहे. मार्च ते जून टँकर. टँकर म्हणजे कुठल्या तरी बोअरचं पाणी, वर बिल मात्र अमृताचं. मी टीडीएस मीटर घेतला. लाइनचं पाणी ११०, टँकरचं ८४०. कुंड्यांच्या कडेला पांढरी खपली धरते, मातीवर साय आल्यासारखा थर येतो आणि मग स्पायडर प्लांट, ड्रसीना, पीस लिली यांची टोकं जळतात. हे क्षार आहेत. क्षार उडत नाहीत. रात्रभर ठेवलं तर पाणी थोडं उडतं आणि क्षार तेवढेच राहतात.

पाणी_वाचवा:
म्हणून मी आरओचं बाहेर पडणारं पाणी झाडांना घालते. एवढं पाणी मोरीत जाताना बघवत नाही.

खारट:
अहो ताई!!! ते तर सगळ्यात वाईट! गाळलेले क्षार सगळे त्यातच येतात. ८४० आत गेलं तर बाहेर १२०० च्या आसपास येतं, मी मीटर लावून बघितलंय.

पाणी_वाचवा:
ओरडायचं कारण नाही. वर्षभर घालतेय, माझी बोगनवेल फुलांनी लगडलीय. पाणी फेकून द्यायचं का? आमच्याकडे मे महिन्यात एक दिवसाआड पाणी येतं, तुमच्यासारखं मीटर लावून झाडं जगवायची चैन आम्हाला नाही.

खारट:
बोगनवेल गच्चीवर, मोठ्या कुंडीत, पावसात भिजणारी. ती सोसते. तेच पाणी घरातल्या सहा इंची कुंडीतल्या ड्रसीनाला घालून बघा. फरशी पुसा त्याने, संडासात टाका, वाया कशाला जाईल? आणि चैन कसली? मीटर अडीचशेला मिळतो. टँकरच्या बिलात माझा वाटा त्याच्या पाचपट असतो, दर महिन्याला. त्याबद्दल मी मीटिंगमध्ये बोललो तर म्हणे "तुम्हीच तेवढे कटकट करता".

गच्चीवरचा_माळी:
टँकर लॉबीचा धागा वेगळा काढा राव.

खारट:
काढणारच आहे.

तिसरा_मजला:
खारट यांचं पाणी पक्कं आहे. मी क्लोरीनमध्येच अडकलो होतो, टोकांचं खरं उत्तर त्यांनी दिलं. भर एवढीच, स्पायडर प्लांट आणि ड्रसीना फ्लोराइडलाही नाजूक असतात. काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि तेही बादलीत ठेवून जात नाही.

शेवंतीताई, एकच विचारतो. बादली ठेवायला कधी सुरुवात केलीत? आणि तुमच्याकडे टँकर येतो का?

शेवंती:
येतो की. उन्हाळ्यात. बादली जूनच्या शेवटी सुरू केली.

खारट:
😂

शेवंती:
यात हसण्यासारखं काय आहे?

तिसरा_मजला:
हसू नका हो. ताई, जूनच्या शेवटी तुमचा टँकर बंद झाला, लाइनचं गोडं पाणी सुरू झालं, हवा दमट झाली. शिवाय कुंडी खिडकीत असेल तर पावसाने क्षार धुतलेही गेले. बादली ठेवली नसतीत तरी नवीन पानं स्वच्छच आली असती, असा माझा अंदाज आहे.

शेवंती:
कुंडी खिडकीतच आहे. पण अंदाजच ना तो?

तिसरा_मजला:
अंदाजच. पडताळायचा असेल तर पुढच्या मार्चमध्ये दोन सारखी पिल्लं दोन कुंड्यांत लावा. दोन्हींना टँकरचंच पाणी, एकीला ताजं, दुसरीला बादलीतलं. मे अखेर दोन्हींची टोकं करपलेली दिसतील, पैज. आणि तोवर करायचंच असेल तर आत्ता पावसाळ्यात कुंडी धुऊन काढा. आठ इंची कुंडीत साधारण चार लिटर माती मावते. तिच्यातून आठ-दहा लिटर पावसाचं किंवा लाइनचं पाणी हळूहळू, खालून वाहून जाईल असं सोडा. ताटलीत साचलेलं फेकून द्या, परत शोषू देऊ नका. जुनी करपलेली टोकं हिरवी होणार नाहीत, नवीन पानांकडे बघा.

हिरवा_चाफा:
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. आमच्या शेजारच्या काकू झाडांसाठी दोन बादल्या कायम भरून ठेवायच्या. रोज एक रिकामी व्हायची, दुसरी राहून जायची. डासांचं औषध मारायला आलेल्या मुलाने बॅटरी मारली तर आत अळ्या वळवळत होत्या. अंड्यातून डास निघायला आठ-दहा दिवस लागतात, एका रात्रीत काही होत नाही, पण "एक रात्र" म्हणता म्हणता बादली आठवडाभर तशीच राहते. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटतात, घासावी लागतात.

शेवंती:
माझी बादली रोज रिकामी होते, धन्यवाद. थंडीत गच्चीवरच्या टाकीचं गार पाणी एकदम घातलं की झाडं मान टाकतात, म्हणूनही ठेवते मी. त्यावर काय म्हणणं आहे?

तिसरा_मजला:
त्यावर काही म्हणणं नाही. घरातल्या झाडांना खोलीच्या तापमानाचं पाणी चांगलंच. ठेवा बादली. फक्त क्लोरीनसाठी ठेवली असं लिहू नका.

शेवंती:
पोस्ट माझी आहे, मी काय लिहायचं ते मी बघेन. मार्चमध्ये दोन कुंड्या लावते. फोटो टाकीन, दोन्हींचे.

खारट:
टँकरच्या पाण्याचा टीडीएसही टाका. नसेल तर माझा मीटर घेऊन जा.