मदत हवी आहे: यांत्रिक आवाज मराठी मजकूर वाचताना भलत्याच जागी थांबतो

रेवती_नौपाडा

नमस्कार. मी ठाण्यात शाळेत शिकवते. बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या प्रवासी गाडीवर मुलांनी एक मॉडेल केलंय. प्रदर्शनात त्याच्या शेजारी एक छोटा स्पीकर ठेवून माहिती ऐकवायची आहे. शाळेत रेकॉर्डिंग करण्याइतकी शांत जागा नाही, म्हणून मजकूर एका वेबसाइटवर टाकून मराठी आवाजात ऑडिओ करून घेतेय. आवाज स्वच्छ आहे, उच्चारही चांगले आहेत. पण थांबण्याच्या जागा सगळ्या चुकतात. वाक्याच्या मधेच असा थांबतो की वाक्य संपलं असं वाटावं, आणि इंजिनांची नावं मात्र एका दमात म्हणून टाकतो. मजकूर सहकाऱ्यांकडून पीडीएफमध्ये आला होता, तिथून कॉपी केलाय. तो असा:

```
दि. १६ एप्रिल १८५३ रोजी दु. ३.३५ वा. बोरीबंदरहून
ठाण्याकडे निघालेल्या भारतातील पहिल्या प्रवासी
गाडीला साहिब सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने होती.
डबे १४,४०० पाहुणे,२१ तोफांची सलामी.
```

स्वल्पविराम आणि नवी ओळ यांचा या आवाजावर नेमका काय परिणाम होतो? कुठे काय घालू?

अनिकेत_कळवा

ताई, सोपं आहे. जिथे जास्त थांबायला हवं तिथे दोन-तीन स्वल्पविराम लागोपाठ द्या, नाहीतर तीन टिंबं द्या. मी व्हिडिओंना असंच करतो. आणि पीडीएफमुळे ओळी तुटल्यात, त्या वर्डमध्ये Replace करून काढा. Find what मध्ये `^p`, Replace with मध्ये एक स्पेस, मग Replace All. झालं काम.

दत्ता काका

मी NVDA हा स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरतो. तुमच्याकडे तो "स्वल्पविराम" असा शब्द उच्चारतोय का? तसं असेल तर विरामचिन्हांची पातळी कमी करा, थांबणं तेच राहतं आणि शब्द ऐकू येत नाही.

रेवती_नौपाडा

काका, धन्यवाद, पण शब्द उच्चारत नाहीये. थांबण्याची जागा चुकतेय, एवढंच.

अनिकेत, ओळी जोडल्यावर बरंच सुधारलं. पण आता सगळं एकच लांबलचक वाक्य झालं, मधले परिच्छेदसुद्धा गेले. आणि तीन स्वल्पविराम देऊन एकाइतकाच थांबतो.

खाडीकाठ (वाशी)

रेवतीताई, मी वाशीत ई-लर्निंगचे ऑडिओ करते, रोजचं हेच काम आहे. जरा सविस्तर लिहिते.

आवाज तयार होण्याआधी सॉफ्टवेअर मजकुराचे तुकडे पाडतं. पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, आणि बऱ्याच ठिकाणी नवी ओळ, इथे तुकडा संपतो. प्रत्येक तुकडा स्वतंत्र वाक्य म्हणून बोलला जातो, म्हणजे शेवटी सूर खाली येतो आणि पुढचा तुकडा नव्याने सुरू होतो. स्वल्पविरामाने तुकडा सहसा तुटत नाही. तिथे छोटी विश्रांती येते आणि सूर वरच राहतो, "अजून पुढे आहे" असं सांगणारा. म्हणून स्वल्पविराम म्हणजे लहान थांबा आणि पूर्णविराम म्हणजे मोठा थांबा, एवढाच फरक धरू नका. दोन्हीकडे सूर वेगळा असतो, आणि ऐकणाऱ्याला वाक्य संपलं की नाही हे शांततेपेक्षा सुरावरून जास्त कळतं.

तुमच्या "बोरीबंदरहून" शब्दाकडे कान द्या. तिथे सूर खाली पडत असेल तर साइटने नव्या ओळीवर तुकडा पाडलाय, हे नक्की समजा. नुसता थांबला आणि सूर वर राहिला, तर ते कारण नव्हे.

प्रत्येक सॉफ्टवेअरची नव्या ओळीची सवय वेगळी असते, म्हणून आधी ही तपासणी करा. विरामचिन्ह एकही घालू नका:

```
पहिली ओळ
दुसरी ओळ

तिसरी ओळ
```

पहिली आणि दुसरी सलग आली तर एकटी नवी ओळ म्हणजे तिथे फक्त स्पेस. रिकाम्या ओळीनंतर थांबतो का, तेही ऐका. उदाहरणार्थ, espeak-ng या मोफत प्रोग्रॅममध्ये एकटी नवी ओळ सहसा स्पेसच धरली जाते आणि रिकामी ओळ म्हणजे परिच्छेद संपला. तुमची साइट त्याच्या उलट वागतेय असं दिसतं.

अनिकेत, `^p` काढण्याचा सल्ला बरोबर आहे, फक्त क्रम बदला. सगळे एकदम काढले की परिच्छेदही जातात. आधी `^p^p` च्या जागी `###` ठेवा, मग `^p` च्या जागी स्पेस, आणि शेवटी `###` च्या जागी पुन्हा `^p^p`. काही पीडीएफमधून `^p` ऐवजी `^l` येतं, तेव्हा तेच `^l` घालून करायचं. लागोपाठचे स्वल्पविराम मात्र बहुतेक आवाज एकच धरतात. तीन टिंबांनी थांबा वाढतो खरा, पण काही आवाजांत आधीचा शब्द रेंगाळतो, जणू बोलणारा विसरला. माहितीपर मजकुरात ते नको.

आता तुमचा मजकूर. ओळींपेक्षा मोठी अडचण त्यातल्या टिंबांची आहे. "दि.", "दु.", "वा." यांच्यापुढचं टिंब पूर्णविराम समजलं जाऊ शकतं, कारण मराठी लघुरूपांची यादी फार थोड्या आवाजांकडे असते. मग "दु" म्हणून वाक्य संपतं. "३.३५" हे दशांश म्हणून वाचलं जाण्याची शक्यता आहे. आणि सगळ्यात धोक्याचं "१४,४००". तिथे स्वल्पविरामानंतर जागा नाही, म्हणून आवाज "चौदा हजार चारशे पाहुणे" म्हणेल. डबे १४ आणि पाहुणे सुमारे ४०० होते, ते दोन्ही आकडे एकत्र गेले.

मी असं लिहीन:

```
१६ एप्रिल १८५३. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, बोरीबंदरहून एक गाडी ठाण्याकडे निघाली. भारतातली ही पहिली प्रवासी गाडी.

तिला तीन इंजिने होती. साहिब, सिंध, आणि सुलतान.

डबे होते १४. पाहुणे होते सुमारे ४००. निघताना २१ तोफांची सलामी झाली.
```

छापताना "आणि"च्या आधी आपण स्वल्पविराम देत नाही. इथे मुद्दाम दिलाय, नाहीतर "सिंध आणि सुलतान" एका श्वासात जातं आणि दोनच इंजिनं ऐकू येतात. "मिनिटांनी"नंतरचाही छापील लेखनात कदाचित कोणी देणार नाही. पण एवढंच. प्रत्येक शब्दगटानंतर स्वल्पविराम टाकलात तर सूर सारखा वर राहून यादी वाचल्यासारखं वाटतं. कुठे द्यायचा ते ठरवायला आधी स्वतः मोठ्याने वाचा, जिथे श्वास न घेताही आवाज किंचित अडतो ती जागा.

ऐरोलीकर

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या सोसायटीत टाकी सफाईची सूचना लॉबीतल्या स्पीकरवर लावतो. आधी "सूचना" आणि मग मजकूर, मधे चार-पाच सेकंद शांतता हवी. मी दहा-बारा रिकाम्या ओळी घातल्या, पण थांबा एका ओळीइतकाच येतो.

खाडीकाठ (वाशी)

दादा, कितीही रिकाम्या ओळी दिल्या तरी त्या सहसा एकच परिच्छेद-विराम धरल्या जातात. शांतता मोजून हवी असेल तर ती मजकुरात शोधू नका. दोन ऑडिओ वेगळे बनवा आणि Audacity या ऑडिओ जोडण्या-कापण्याच्या प्रोग्रॅममध्ये मधे Generate मेनूतून Silence घाला, सेकंद लिहून. तुमचं सॉफ्टवेअर SSML, म्हणजे आवाजाला टॅगमधून सूचना देण्याची पद्धत, घेत असेल तर तिथेच लिहिता येईल:

```
<speak>सूचना. <break time="4s"/> उद्या टाकी सफाई आहे.</speak>
```

साध्या मजकुराच्या चौकटीत हे टाकलं तर मात्र तो टॅग वाचूनही दाखवेल, किंवा गाळून टाकेल. आणि SSML मध्ये नवी ओळ म्हणजे साधारणपणे मोकळी जागाच, तिथे ओळी तोडून थांबा मिळेल अशी अपेक्षा धरू नका.

दत्ता काका

लॉबीत घुमतो ना आवाज, तिथे वाक्यंच लहान करा. दोन वाक्यांमधे जरा जास्त जागा ठेवलीत तर घुमणं विरल्यावर पुढचं ऐकू येतं. आमच्या इमारतीत लिफ्टजवळ शब्द एकमेकांत मिसळतात, हे मी रोज ऐकतो.

रेवती_नौपाडा

खाडीकाठ ताई, तपासणी केली. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, या साइटवर एकट्या नव्या ओळीवरही सूर पडतो. ओळी जोडल्या, तुमचा मजकूर टाकला. तारीख छान आली, पाहुण्यांचा आकडाही वेगळा आला.

दोन गोष्टी अडल्यात. "साहिब"नंतर नीट थांबतो, पण "सिंध"नंतरचा स्वल्पविराम जवळजवळ गिळतो. आणि हाच मजकूर माझ्या फोनवरच्या मराठी आवाजाला दिला तर नव्या ओळींचं काहीच होत नाही, सरळ वाचत जातो. प्रदर्शनात लॅपटॉप नेता येईलच असं नाही.

खाडीकाठ (वाशी)

फोनचं सोपं आहे: प्रदर्शनात मजकूर थेट वाचायला लावूच नका. साइटवरून ऑडिओ उतरवून घ्या आणि तीच फाइल फोनवर वाजवा. मग फोनच्या आवाजाच्या सवयींचा संबंध राहत नाही. मजकूर नंतर बदललात तर फाइल नव्याने काढावी लागेल, एवढं ध्यानात ठेवा.

"सिंध"चं खात्रीने सांगता येणार नाही. हे आवाज नियम पाळून थांबत नाहीत, आजूबाजूचं वाक्य बघून किती थांबायचं ते स्वतः ठरवतात, आणि एक-दोन शब्दांच्या तुकड्यानंतरचा स्वल्पविराम पुष्कळदा आखूड करतात. तुकडा लांबवून बघा: "पहिलं साहिब, दुसरं सिंध, तिसरं सुलतान." यात "आणि" लागतच नाही. आधी आणि नंतरच्या फाइल Audacity मध्ये एकाखाली एक उघडा. शब्दांमधला सपाट भाग निवडला की त्याची सुरुवात आणि शेवट खाली दिसतो, त्यावरून लांबी कळते. कानाला फरक पडला की नाही याचा वाद मिटतो.

अनिकेत_कळवा

मी "सिंध." असा पूर्णविराम दिला असता. थांबतोच मग.

खाडीकाठ (वाशी)

थांबेल, पण सूर पडेल आणि यादी तिथेच संपल्यासारखी वाटेल. मुलांना "सुलतान" हे नव्या वाक्याचं पहिलं नाव वाटेल. तरी ऐकून बघायला हरकत नाही, काही आवाजांत इतक्या लहान वाक्यांत तो फरक फारसा जाणवत नाही.

रेवती_नौपाडा

"पहिलं, दुसरं, तिसरं" करून पाहिलं. "दुसरं सिंध"नंतर आता स्पष्ट थांबतो. पण तो थांबा आता किंचित जास्तच लांब झालाय, का ते कळलं नाही. अनिकेतचं पूर्णविरामाचंही उद्या शाळेत मुलांना ऐकवून बघते, त्यांना कुठलं बरोबर वाटतं ते लिहीन. आणखी कोणी मराठी नावांच्या याद्या या आवाजांकडून वाचून घेतल्या असतील तर सांगा.