विषय: ‘ताकाई देशिता’ चुकीचे, मग ‘शिझुका देशिता’ बरोबर कसे?

मेधा, निशि-कासाई:

सर्वांना सप्रेम नमस्कार. डिसेंबरच्या जपानी भाषेच्या एन-४ परीक्षेची तयारी करताना माझ्या वहीत एकाच प्रकारच्या वाक्यावर वारंवार लाल रेघ येते. ‘हॉटेल महाग होते’ यासाठी मी ‘होतेरु वा ताकाई देशिता’ असे लिहिले, ते चुकले. ‘हॉटेल शांत होते’ यासाठी ‘होतेरु वा शिझुका देशिता’ लिहिले, ते मात्र बरोबर ठरले. ‘देसु’चे भूतकाळी रूप ‘देशिता’ होते, तर त्याला एका ठिकाणी मुभा आणि दुसऱ्या ठिकाणी मज्जाव का?

प्रसाद, योकोहामा:

मेधाताई, नियम सोपा आहे. विशेषणाच्या शेवटी ‘ई’ असेल तर ती काढून ‘कात्ता’ लावावे, म्हणजे ताकाकात्ता, किरेकात्ता. नसेल तर ‘देशिता’ लावावे. नकारात मात्र ‘देशिता’ सगळीकडे चालत असावे, कारण आमच्या कार्यालयात ‘ओइशिकु आरिमासेन देशिता’ असे मी नेहमी ऐकतो. त्याच न्यायाने ‘ताकाकुनाई देशिता’ही चालावे.

सुलभा, मिताका:

मेधा, तुझ्या चुकीचे मूळ बहुधा मराठीत आहे. आपण ‘महाग आहे’, ‘महाग होते’ म्हणतो तेव्हा ‘महाग’ जागचे हलत नाही आणि काळ ‘आहे-होते’वर पडतो. ‘शिझुका’ याच चालीने वागते, म्हणून ते आपल्याला सोपे जाते. ‘ताकाई’ मात्र आपला काळ स्वतःच वाहते. ‘ताकाकात्ता’ हे मुळात ‘ताकाकु आत्ता’ होते. म्हणजे ‘होते’ त्या शब्दाच्या पोटातच आहे. त्यापुढचे ‘देसु’ केवळ अदबीसाठी येते, आणि अदबीच्या शब्दावर काळ चढवायचा नसतो. ‘ओओकिई देसु’सारखी रचना ग्राह्य धरावी, असे जपानच्या राष्ट्रीय भाषा परिषदेने १९५२ साली सांगितले, तोवर तिच्याविषयी वाद होता. यावरून ते ‘देसु’ किती वरवरचे आहे, हे लक्षात येईल.

शंका आली की अदब काढून वाक्य मित्राला सांगितल्यासारखे म्हणून पाहावे. ‘ताकाकात्ता’ एकटे उभे राहते. ‘शिझुका’ एकटे राहिले तर काळ कळत नाही, त्याला ‘दात्ता’ लागते, आणि त्या ‘दात्ता’चेच अदबीचे रूप ‘देशिता’ आहे.

प्रसाद, तुम्ही ऐकलेले वाक्य बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. ‘आरिमासेन’ हे क्रियापद आहे, म्हणून त्याला ‘देशिता’ जोडते. ‘नाई’ मात्र ‘ताकाई’च्याच कुळातले असल्याने त्याचे ‘नाकात्ता’ होते. म्हणून ‘ताकाकुनाकात्ता देसु’ किंवा ‘ताकाकु आरिमासेन देशिता’ यांपैकी एक निवडावे. दोहोंची सरमिसळ करू नये. ‘किरेकात्ता’ही चूक आहे. ‘किरेई’तील ‘ई’ मूळ शब्दाचाच भाग आहे, ती काढता येत नाही. नामाआधी ठेवून पाहिले की हे कळते: ‘ताकाई होतेरु’, पण ‘किरेई ना होतेरु’. ‘युउमेई’ आणि ‘किराई’ हेही असेच फसवतात.

वैशाली, कावासाकी:

मुलांना जपानी कसे शिकवावे, अशी चर्चा चालली आहे असे समजून लिहिते. माझी चार वर्षांची मुलगी ‘किरेकुनाई’ म्हणते आणि पाळणाघरातील तिच्या जपानी मैत्रिणीही तसेच म्हणतात. मग ती चूक कशी?

सुलभा:

वैशाली, जपानी मुलेही ‘ई’ ऐकून हाच तर्क लढवतात. मोठी होता होता बहुतेक जण ‘किरेई जा नाई’वर येतात, म्हणून चार वर्षांच्या मुलीला मी तरी टोकणार नाही. परीक्षेत मात्र ते चूकच धरतील.

मेधा:

सुलभाताई, मनःपूर्वक आभार. घर पाहून आल्यावर लिहिलेला हा मजकूर तपासून द्याल का? ‘हेया वा किरेई जा नाकात्ता देसु गा, याचिन वा ताकाकुनाकात्ता देसु. बाशो मो इकात्ता देसु.’ म्हणजे खोली स्वच्छ नव्हती, पण भाडे महाग नव्हते आणि जागाही चांगली होती.

सुलभा:

पहिले वाक्य निर्दोष आहे. दुसऱ्यात ‘योकात्ता’ हवे, कारण ‘ईई’ हे ‘योई’चे बदललेले रूप आहे आणि भूतकाळात व नकारात जुने ‘यो’च परत येते: योकात्ता, योकुनाई. ‘काक्कोईई’चेही ‘काक्कोयोकात्ता’ होते. तिथे पुष्कळ जण ‘काक्कोइकात्ता’ लिहून बसतात.

प्रसाद:

‘किरेई’चे पटले. पण आमच्या कार्यालयातील तरुण मंडळी ‘चिगाकात्ता’ म्हणतात. ‘चिगाउ’च्या शेवटी तर ‘ई’ही नाही.

सुलभा:

‘चिगाउ’ हे क्रियापद आहे आणि त्याचे प्रमाण रूप ‘चिगात्ता’. अर्थ विशेषणासारखा असल्यामुळे बोलणारे त्याला विशेषणाचे प्रत्यय लावतात, आणि ते अनेकांच्या तोंडी बसले आहे. पुढे ते प्रमाण होईल की नाही, यावर माझ्या जपानी सहकाऱ्यांतही एकमत नाही. कार्यालयीन पत्रात मात्र आपण ‘चिगाइमाशिता’ असेच लिहावे.