मदत हवी आहे: अपूर्णांकांच्या वर्कशीटमधली 'संक्षिप्त रूप'ची ओळ मुलं न बघताच भरतात

रामबागची_शिकवणी

नमस्कार मंडळी. इंदूरला सहावीच्या मुलांची शिकवणी घेते. घरी सगळे मराठी बोलतात, शाळा मात्र कुणाची इंग्रजी माध्यमाची, कुणाची हिंदी. म्हणजे आजोबा 'समच्छेद कर' म्हणतात, शाळेत 'एलसीएम घ्या' आणि हिंदीवाल्यांचं 'हर समान करो'.

अपूर्णांकांच्या बेरजेसाठी मी चार ओळींचं वर्कशीट केलं आहे. पहिल्या ओळीत छेदांचा लसावि, दुसऱ्या ओळीत दोन्ही अपूर्णांक समच्छेद करून, तिसऱ्या ओळीत बेरीज आणि चौथ्या ओळीत संक्षिप्त रूप. छेदांच्या जोड्या अशा: ३ आणि ४, २ आणि ५, ३ आणि ७, पुढे जरा अवघड म्हणून ४ आणि ६, ८ आणि १२, १२ आणि १८.

मुलं पहिल्या तीन ओळी नीट करतात, पण चौथ्या ओळीत तिसरीच उतरवतात. शीटवर ते बरोबरही ठरतं. मग चाचणीत १/६ + ३/१० दिलं तर बहुतेकांनी १४/३० वर सोडून दिलं. 'संक्षिप्त रूप द्या' असं ठळक अक्षरात लिहून पाहिलं, फरक पडला नाही. मांडणीत काय बदलू?

खजुरीबाजार

ताई, लसाविच्या भानगडीत पडूच नका. दोन्ही छेदांचा गुणाकार घ्यायला लावा. ६ आणि १० असतील तर ६०. मग १०/६० + १८/६० = २८/६०, आणि हे कापल्याशिवाय गत्यंतर नाही. लसावि घेतला की उत्तर आपोआप संक्षिप्त येतं, म्हणून तुमच्या मुलांना कापायची सवयच लागत नाही.

अंशछेद

खजुरीबाजार यांचं अर्धं बरोबर आहे. लसावि घेतला की उत्तर आपोआप संक्षिप्त येतं असं नाही. ताईंचंच उदाहरण घ्या: १/६ + ३/१०, लसावि ३०, बेरीज ५/३० + ९/३० = १४/३०. लसावि अगदी बरोबर आहे, तरी २ ने भाग जातोच आणि ७/१५ मिळतं. उलट २/३ + १/४ मध्ये छेदांचा गुणाकार घ्या की लसावि, १२ च येतात, आणि ११/१२ कापता येत नाही.

खरा दोष मांडणीत नाही, जोड्यांच्या निवडीत आहे. ताई, तुम्ही लिहिलेल्या सहाही जोड्या अशा आहेत की दिलेले अपूर्णांक आधीच संक्षिप्त असतील तर बेरीज कधीच कापली जाणार नाही. अंश कुठलेही घाला. म्हणजे मुलं चौथी ओळ टाळत नव्हती. शीटमध्ये त्या ओळीला कामच नव्हतं आणि मुलांनी ते बरोबर ओळखलं.

कारण असं. ६ चे ३० करायला ५ ने गुणतो, १० चे ३० करायला ३ ने. २ हा अवयव दोन्ही छेदांत एकेकदाच आहे, म्हणून तो दोन्ही गुणकांतून गळला. अपूर्णांक संक्षिप्त असल्यामुळे दोन्ही अंश विषम. विषम गुणिले ५ अधिक विषम गुणिले ३, बेरीज सम. त्यामुळे ६ आणि १० या जोडीत उत्तर दर वेळी २ ने कापलं जातं.

आता ४ आणि ६ बघा. लसावि १२. पहिल्या अंशाला ३ ने गुणलं, तो विषमच राहिला. दुसऱ्याला २ ने गुणलं, तो सम झाला. बेरीज विषम, म्हणजे २ चा भाग नाही. ३ चं तसंच: पहिल्या अंशात ३ आला, दुसऱ्यात नाही, म्हणून बेरजेला ३ ने भाग जात नाही. १२ आणि १८ दिसायला अवघड जोडी, पण १२ मध्ये २ दोनदा आणि ३ एकदा, १८ मध्ये २ एकदा आणि ३ दोनदा. कुठलाच अवयव दोन्हीकडे सारख्या वेळा नाही, म्हणून तिथेही कापाकापी नाही.

थोडक्यात, एखादा मूळ अवयव दोन्ही छेदांत सारख्याच वेळा आला असेल तरच तो बेरजेतून कापला जाऊ शकतो. तो अवयव २ असेल तर नक्कीच जातो. ३ किंवा ५ असेल तर कधी जातो, कधी नाही. ६ आणि १५ घ्या: १/६ + २/१५ = ९/३०, म्हणजे ३/१०. पण १/६ + ४/१५ = १३/३०, इथे काही जात नाही. शीटला हीच जोडी सगळ्यांत उपयोगी, कारण मुलाला खरंच तपासून बघावं लागतं.

गणूकाका

नियम छान आहे, पण २/४ + १/६ करून बघा. ६/१२ + २/१२ = ८/१२, म्हणजे २/३. ४ आणि ६ असूनही कापलं की!

अंशछेद

काका, २/४ आधीच संक्षिप्त नाही, ते १/२ आहे. म्हणून वर 'आधीच संक्षिप्त असतील तर' ही अट घातली होती. पण मुद्दा कामाचा आहे. शीट बनवताना अंश घाईघाईने भरले की असे २/४ आणि ३/६ शिरतात आणि शीटचा हेतू बिघडतो. शिवाय हा नियम दोनच अपूर्णांकांसाठी आहे. तीन एकत्र आले की तसाच लावू नका. १/४ + १/४ + १/६ = ८/१२ हे कापलं जातं.

विहानची_आई

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, धागा भरकटवत असेन तर माफ करा. मुलगा सातवीत आहे. ०.३ + ०.२५ चं उत्तर ०.२८ लिहितो. त्यालाही हाच लसावि लावायचा का?

गणूकाका

दशांश चिन्हाखाली चिन्ह मांडायला सांगा, संपलं.

अंशछेद

मांडणीने उत्तर सुधारेल, पण चूक कुठून आली ते त्याला कळणार नाही. तो ३ आणि २५ यांची साधी बेरीज करतोय, कारण ३ हे दहांश आहेत आणि २५ हे शतांश, हे त्याला दिसत नाही. ०.३ च्या शेजारी ३/१० आणि ०.२५ च्या शेजारी २५/१०० लिहायला लावा. मग ३/१० चे ३०/१०० करावे लागतात आणि बेरीज ५५/१००, म्हणजे ०.५५. ०.३ ला ०.३० लिहिणं म्हणजेच समच्छेद करणं, शून्य शोभेसाठी लावलेलं नाही. आठ-दहा गणितं अशी दोन्ही रूपांत झाली की अपूर्णांकाचा रकाना काढून टाका.

आणि धाग्याच्या विषयाशी जोडायचं तर शेवटी ५५/१०० चे ११/२० करायला सांगा. ०.०५ चे ५/१० लिहितो का तेही बघा. लिहीत असेल तर त्याची अडचण बेरजेची नाही, स्थानाची आहे.

रामबागची_शिकवणी

जोड्यांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आज सगळी शीट तपासली. एकाही गणितात कापायला काही नव्हतं. आता मांडणीबद्दलही सांगा. आणि चौथी ओळ चुकली तर नेमकं कुठे चुकलं ते कसं ओळखू?

अंशछेद

पानावर बाराच गणितं ठेवा. चार कधीच न कापली जाणारी (३ आणि ४, ४ आणि ६), चार नक्की कापली जाणारी (६ आणि १०, २ आणि ६) आणि चार बेभरवशाची (६ आणि १५, १० आणि १५). तिन्ही प्रकार मिसळून टाका, एका प्रकारची गणितं ओळीने आली की मुलं लगेच ओळखतात.

दुसऱ्या ओळीत प्रत्येक अपूर्णांकाला दोन चौकटी द्या, एक अंशाजवळ, एक छेदाजवळ. दोन्हींत तोच आकडा मुलाने स्वतःच्या हाताने दोनदा लिहायचा: १ × ५ वर, ६ × ५ खाली. एकच चौकट दिली की छेद गुणला जातो आणि अंश तसाच राहतो.

चौथ्या ओळीत 'संक्षिप्त रूप' असं नुसतं लिहू नका. 'अंश आणि छेद दोघांना भाग जाणारी संख्या' अशी रिकामी जागा द्या, आणि नसेल तर 'नाही' लिहायला सांगा. मग उतरवून भागत नाही. त्याखाली अजून एक तशीच ओळ ठेवा, कारण १/१२ + १/२० = ८/६० मध्ये मुलं २ ने भागून ४/३० वर थांबतात, २/१५ पर्यंत जात नाहीत.

चूक ओळखायला १/६ + ३/१० फार चांगलं, कारण प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं येतं. १/४ आलं तर वरचे वर आणि खालचे खाली मिळवले, ४/१६. २/१५ आलं तर छेद ३० केला पण अंश गुणले नाहीत, ४/३०. ७/३० आलं तर समच्छेद नीट केला आणि मग छेदांचीही बेरीज केली, १४/६०. आणि ३/५ आलं तर अधिक चिन्हाच्या आरपार कापलं: ३ आणि ६ कापून १/२ + १/१० केलं. ही शेवटची चूक गुणाकाराचा धडा झाल्यावर सुरू होते, कारण तिथे तसं कापणं बरोबर असतं.

मुलाला स्वतःला तपासायला एक प्रश्न पुरे: उत्तर ३/१० पेक्षा मोठं आहे का? पहिली तिन्ही उत्तरं ३/१० पेक्षा लहान आहेत, तिथेच पकडली जातात. ३/५ मात्र यातून निसटतं. त्यासाठी दुसरा प्रश्न: १/६ हे १/५ पेक्षा लहान, मग बेरीज अर्ध्याच्या पुढे कशी जाईल?

खजुरीबाजार

माझं म्हणणं अजून तेच. पहिल्या आठवड्यात लसावि नको. मुलाला लसावि येत नसेल तर पहिल्याच ओळीत अडकतो आणि पुढच्या तीन ओळी कोऱ्या राहतात. छेदांचा गुणाकार सगळ्यांना येतो.

अंशछेद

लहान छेदांना मान्य. पण ५/१२ + ७/१८ गुणाकाराने करा: ९०/२१६ + ८४/२१६ = १७४/२१६. यातून २९/३६ पर्यंत येताना सहावीतलं मूल दमतं, आणि चूक भागाकारात होते, अपूर्णांकात नाही. मी लसाविची ओळ छापूनच देईन आणि तिसऱ्या शीटपासून रिकामी ठेवीन.

गणूकाका

एक विचारायचं राहिलं. सामाईक अवयव सारख्या वेळा असेल तरच कापलं जातं, हे मुलांना सांगायचं का? सांगितलं तर १४/३० मध्ये ३, ५, ७ तपासत बसणार नाहीत, ६ आणि १० मधला २ तेवढा बघतील.

अंशछेद

मी सांगणार नाही. नियम पाठ झाला की १४/३० कडे बघणंच बंद होईल, आणि शाळेच्या पेपरात २/४ सारखा अपूर्णांक आला की फसतील.

रामबागची_शिकवणी

मला वाटतं हुशार दोघांना सांगून बघावं. नवं शीट उद्या झेरॉक्सला देते. १/२ + ५/६ चं उत्तर ४/३ ठेवू की १ पूर्णांक १/३ करायला पाचवी ओळ घालू? हिंदी माध्यमाच्या शाळेत मिश्र भिन्नच मागतात.

खजुरीबाजार

पाचवी ओळ घाला, पण वेगळ्या शीटवर. एका पानावर आता खूप झालं.