सहलीला आपली गाडी न्यावी की सेल्फ-ड्राइव्ह घ्यावी?

निवांत: चार दिवस, जाऊन-येऊन साधारण ९०० किलोमीटर. आम्ही चार मोठे आणि एक वर्षाचं बाळ. आमची आठ वर्षं जुनी छोटी गाडी आहे. तीच न्यावी की सेल्फ-ड्राइव्ह मोठी गाडी घ्यावी? डिपॉझिट, पेट्रोल, डॅमेज वेव्हर सगळं धरून सांगा.

हिशोबी: आपलीच न्या. पेट्रोल दोन्हीकडे तुमच्याच खिशातून जाणार, मग भाडं कशाला भरायचं? विषय संपला.

चाकंवाला: निष्कर्ष बरोबर असेल, पण पेट्रोल दोन्हीकडे सारखं लागत नाही. छोटी गाडी लिटरला १५ देत असेल तर ६० लिटर, मोठी १२ देत असेल तर ७५. म्हणजे भाड्याच्या वर आणखी १५ लिटर. आपल्या गाडीची झीजही धरा. टायरचा संच ४५,००० किलोमीटर चालतो असं मानलं तर ही सहल त्यातले दोन टक्के खाईल, आणि १०,००० किलोमीटरला होणाऱ्या सर्व्हिसिंगचे नऊ टक्के. विमा मात्र यात ओढू नका, गाडी घरी उभी राहिली तरी त्याचे पैसे जातातच. नुसते पैसे पाहिले तर एवढ्या अंतराला आपली गाडी स्वस्त पडते. भाड्याच्या गाडीत किलोमीटरची मर्यादा असेल तर ती ९०० च्या खाली नाही ना, एवढं बघून घ्या.

बिनधास्त: पैशांचं सोडा हो. भाड्याची घ्यायची, वेव्हर घ्यायचा आणि निर्धास्त राहायचं. विमाच असतो तो.

चाकंवाला: विमा नाही. नुकसान झालं तर एका रकमेच्या वरची वसुली आम्ही सोडतो, एवढंच भाडं देणारा लिहून देतो. त्या रकमेपर्यंतचं तुमच्याच माथी. शिवाय टायर, रिम, काच, गाडीचा खालचा भाग आणि हरवलेली किल्ली बहुतेक वेळा त्यातून वगळलेली असते. आणि करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली तर वेव्हर साधारणपणे रद्दच समजा. 'जरा तू चालव, मी डुलकी काढतो' हे तिथे महागात पडतं.

सुमेधा: अगदी हेच भोगलंय. आम्हाला गाडी दिली ती नुकतीच धुतलेली, अजून ओली. परत देताना एका रिमवर ओरखडा निघाला. आमचा होता की आधीचा, देव जाणे. वेव्हर घेतला होता, पण रिम वगळलेला, त्यामुळे पैसे डिपॉझिटमधून कापले. ओल्या रंगावर बारीक ओरखडे दिसतच नाहीत. आता मी फडक्याने गाडी कोरडी करूनच व्हिडिओ काढते: नंबर प्लेटपासून सुरुवात, मग चारही चाकं, बंपरची खालची कड, काच, आणि शेवटी इग्निशन चालू करून किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा.

वाटसरू: एवढी कटकट कशाला? ड्रायव्हरसकट गाडी सांगा, मागे आरामात बसा.

निवांत: अहो, गाडी मीच चालवणार आहे. आणि पाचवी सीट ड्रायव्हरला दिली तर बाळ कुठे बसवू? डिपॉझिटचं कोणीच बोललं नाही.

हिशोबी: ते परत मिळतं. खर्चात धरूच नका.

चाकंवाला: मिळतं, पण कधी? क्रेडिट कार्डावर रक्कम अडवून ठेवतात, तेवढी मर्यादा सहलभर कमी होते. त्याच कार्डाने हॉटेलचं बिल भरायचं असेल तर ऐन काउंटरवर व्यवहार फसू शकतो. डेबिट कार्ड असेल तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि गाडी परत दिल्यावरही मोकळे व्हायला काही दिवस लागू शकतात. पेट्रोलचंही एक सांगतो. टाकी भरून मिळाली असेल तर परत द्यायच्या जागेजवळच्या पंपावर भरा आणि पावती ठेवा. काट्यावर विसंबू नका, वरचा दांडा बराच वेळ जागचा हलत नाही. टाकी अर्धी मिळाली असेल तर जेमतेम तेवढीच भरा, जास्तीच्या पेट्रोलचे पैसे सहसा कोणी परत देत नाही.

हिशोबी: म्हणून म्हणतो! माझ्या गाडीला ओरखडा पडला तर तो काढायचा की तसाच ठेवायचा हे मी ठरवतो. भाड्याच्या गाडीचं बिल दुसराच ठरवतो.

बिनधास्त: आणि आठ वर्षांची गाडी वाटेत बंद पडली की? बाळाला घेऊन रस्त्याच्या कडेला तुम्हीच उभे. भाड्याची असती तर दुसरी मागवता आली असती.

सुमेधा: आली असती, पण कधी, ते करारात वाचलंय का कोणी?

निवांत: काल बाळाची सीट लावून पाहिली. तिच्या शेजारी दोघं कशीबशी मावली, दारही लागलं. पण डिकीत तीनच बॅगा बसतात. चौथी टपावर बांधली तर अ‍ॅव्हरेज किती पडेल?