शब्दचर्चा: ‘शीघ्र गुणोत्तर’ म्हणावं की क्विक रेशोच?

पतसंस्था, वणी: संचालकांसाठी कर्जाची टिपणी मराठीत लिहितोय. एक जिनिंगवाला चार महिन्यांसाठी २० लाख मागतो आहे. ३१ मार्चला चालू मालमत्ता २ कोटी, चालू देणी दीड कोटी, म्हणजे करंट रेशो १.३३. मालमत्तेत १ कोटी ३० लाखांच्या गाठी आणि सरकी आहे. क्विक रेशोला ‘शीघ्र गुणोत्तर’ लिहू का? आणि इंटरेस्ट कव्हरेजला ‘व्याजफेड क्षमता’ चालेल?

बीकॉमवाला: चालेल की. पण माल वगळला तर ७० लाखच उरतात, रेशो ०.४७. एकच्या खाली म्हणजे नापास. शब्द शोधण्याआधी अर्ज परत करा.

निवृत्त शाखाधिकारी, हिंगणघाट: एवढी घाई नको, भाऊ. जिनिंगच्या गाठी काही दुकानात पडून राहिलेलं कापड नव्हे. रुईला रोज भाव असतो, गाठी पंधरवड्यात विकल्या जातात. खरा प्रश्न हा, की विकल्यावर पैसा कोणाच्या हातात जातो? मालावर कॅश क्रेडिट कोणाची आहे?

पतसंस्था, वणी: बँकेची. १ कोटी १० लाख वापरलेत, माल तिच्याचकडे तारण.

निवृत्त शाखाधिकारी, हिंगणघाट: मग गाठी विकल्या की पैसा आधी बँकेच्या खात्यात. तुमच्यासाठी तो माल ‘शीघ्र’ नाहीच, भाव कितीही असो. टिपणीत शब्द कोणताही घाला, पण हे वाक्य जरूर लिहा. आणि येणं किती जुनं आहे तेही बघा.

पतसंस्था, वणी: येणं ६० लाख. त्यातले २५ लाख एका सूतगिरणीकडे, वर्ष उलटून गेलं. गिरणी बंद आहे.

निवृत्त शाखाधिकारी, हिंगणघाट: ते काढा. करंट रेशो १.१७, क्विक ०.३० वर येतो. व्याज आणि करापूर्वीचा नफा?

पतसंस्था, वणी: २४ लाख, व्याज १६ लाख. दीडपट.

निवृत्त शाखाधिकारी, हिंगणघाट: त्या नफ्यातून बुडीत २५ लाख वजा झालेत का? नसतील तर वजा केल्यावर १ लाखाचा तोटाच उरतो. शिवाय ‘फेड’ शब्द वाचून संचालक मुद्दलही फिटेल असं समजतील. दीडपट म्हणजे फक्त व्याज झेपतं. मी तर ‘व्याज झेपण्याचं प्रमाण’ लिहीन.

बीकॉमवाला: बुडीत रक्कम एकदाचीच ना? दरवर्षीच्या कमाईशी तिचा काय संबंध? दोन्ही आकडे दाखवा.

निवृत्त शाखाधिकारी, हिंगणघाट: दाखवा, पण चार महिन्यांच्या कर्जात मला जवळचं वर्ष जड वाटतं.

शेतकरी, मारेगाव: माह्या पीककर्जालेही हा रेशो पाहतात का जी? मागच्या साली बँकेनं नुसता सातबारा मागितला.

बीकॉमवाला: नाही काका. तिथं पीक आणि एकर बघून ठरतं.

पतसंस्था, वणी: मग काय लिहू, नकार?

निवृत्त शाखाधिकारी, हिंगणघाट: मी सरसकट नकार देणार नाही. चालू गिरणीच्या एखाद्या पक्क्या बिलावर, बँकेची लेखी संमती घेऊन, ४५ दिवसांसाठी ८ ते १० लाख. पैसा बिलाचाच, तुमच्या खात्यात यायला हवा. आणि मार्चअखेरीस कापूसवाल्यांची देणी चुकवून रेशो फुगवलाय का, ते एप्रिलच्या पासबुकात तपासा. रेशो एकच्या वर असला की देणं चुकवल्यानंही तो चढतो.

बीकॉमवाला: बँक संमती देईल असं वाटत नाही मला.