अनुभव धागा: हॉटस्पॉट चालू केला, पाच-दहा मिनिटांत गायब. तुमचं काय झालं?

खिडकीपाशी
तीन आठवडे घरची लाइन बंद आहे, त्यामुळे सगळं काम फोनच्या हॉटस्पॉटवर चाललंय. त्रास असा की मधेच लॅपटॉपवरचं नेट जातं. फोन उचलून बघावं तर हॉटस्पॉटचं बटण आपोआप बंद झालेलं. पुन्हा चालू करायचं, लॅपटॉप जोडायचा, थोड्या वेळाने तेच. बॅटरी सत्तर-ऐंशी टक्के असते, रेंज पूर्ण, डेटाही शिल्लक. गंमत म्हणजे सलग टाइप करत असलो तर तासभर काही होत नाही. उठून आलो की गेलेलं असतं. ज्यांना हे भोगावं लागलंय त्यांनी आपापला अनुभव लिहा. उपाय सापडला असेल तर उत्तम, नसेल तरी लिहा.

सरळसोट
बॅटरी सेव्हर. दुसरं काही नाही. माझ्या फोनमध्ये वीस टक्क्यांवर तो आपोआप चालू व्हायचा आणि त्याच क्षणी हॉटस्पॉट मरायचा. सेव्हर बंद केला, प्रश्न संपला. तुम्हीही करून बघा.

खिडकीपाशी
सेव्हर बंदच आहे हो. ऐंशी टक्क्यांना कशाला लागेल तो?

पाटीपेन्सिल
मलाही हाच त्रास होता. लॅपटॉपच्या Settings मध्ये Mobile hotspot उघडा, तिथे Power saving असा पर्याय आहे, तो बंद करा. कोणी जोडलेलं नसेल तर तो हॉटस्पॉट बंद करतो. मी बंद केल्यापासून एकदाही गेलेला नाही.

खिडकीपाशी
पाटीपेन्सिल, ते लॅपटॉपवरून नेट वाटायचं असेल तेव्हाचं झालं ना? माझं उलटं आहे. नेट फोनचं, घेणारा लॅपटॉप.

पाटीपेन्सिल
अरे हो. मी लॅपटॉपवरून टॅबला देतो. घाईत वाचलं. तरी तसाच पर्याय फोनमध्येही असेल, शोधा.

तारजोडणी
पाटीपेन्सिल चुकून बरोबर ठिकाणी पोचलेत. तो पर्याय फोनमध्ये असतोच. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्याच पानावर खाली "Turn off hotspot automatically" किंवा त्याच अर्थाचं काहीतरी दिसेल. काही कंपन्या तिथे मिनिटं निवडू देतात, काही नुसतं चालू-बंद देतात. नुसतं चालू-बंद असेल तिथे मुदत बहुधा दहा मिनिटांची असते.

पण हे घड्याळ नेमकं कधी सुरू होतं ते बघा. तुम्ही काम करताय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एकही उपकरण जोडलेलं नसेल तेव्हाच ते चालू होतं. लॅपटॉप जोडलेला असेल आणि तुम्ही तासभर नुसते छताकडे बघत बसलात तरी ते हलत नाही. म्हणून टाइप करताना तुमचा हॉटस्पॉट टिकतो यात नवल नाही. प्रश्न असा आहे की तुम्ही उठून गेल्यावर लॅपटॉप फोनला सोडून का जातो.

माझा अंदाज, तो झोपतो. बॅटरीवर असताना किती मिनिटांनी झोपतो ते बघा. लॅपटॉप झोपला की त्याचं वायफाय सुटतं, फोनला वाटतं सगळे गेले आणि तिथून दहा मिनिटं मोजायला लागतात. एकदा घड्याळ लावून उठा. आधी दहा-बारा मिनिटांनी परत या, मग वीस मिनिटांनी. काय दिसतं ते लिहा.

उंबरठा
माझी गोष्ट वेगळी आहे, पण लिहिते. माझ्याकडे हॉटस्पॉटचं बटण कधीच बंद होत नाही. फोनवर चालूच दिसतो, लॅपटॉपच्या यादीत नावही दिसतं, पण लॅपटॉप सुटतो. परत जोडला की दोन मिनिटं चालतो, पुन्हा सुटतो. रेंज फक्त एका खोलीतल्या खिडकीत येते म्हणून फोन तिथे ठेवते आणि स्वतः भिंतीपलीकडे बसते. हे बॅटरीमुळेच होत असणार ना?

तारजोडणी
उंबरठा, नाव दिसतंय आणि लॅपटॉप सुटतोय, म्हणजे फोनने काही बंद केलेलं नाही. मधल्या भिंतीवर संशय आहे. विंडोज असेल तर जोडलेलं असताना कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढंच टाका:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात Channel आणि Signal या दोन ओळी वाचा. Channel चा आकडा 36 किंवा त्याहून मोठा असेल तर हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर चाललाय. 1 ते 14 मधला असेल तर 2.4 वर.

उंबरठा
Channel 149, Signal 34%. फोन माझ्या टेबलावर आणून ठेवला तर Signal 99%, पण मग फोनलाच रेंज नाही.

तारजोडणी
झालं तर. 5 गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. फोनच्या हॉटस्पॉटमध्ये बँड निवडायला मिळतो, काही फोनमध्ये "Extend compatibility" असा खटका असतो. 2.4 वर आणा आणि त्याच जागी बसून पुन्हा आकडा बघा.

उंबरठा
केलं. Channel 6, Signal 71%. सकाळपासून चार तास झाले, एकदाही सुटला नाही. वेग कमी झालाय, पण मला मेल आणि कागदपत्रंच लागतात. मात्र नवीन खोड निघाली. ब्लूटूथचा हेडफोन लावून मीटिंगला बसले की समोरच्याचा आवाज तुटतो. आधी असं नव्हतं.

तारजोडणी
तोही 2.4 वरच चालतो. लॅपटॉपचं वायफाय आणि ब्लूटूथ आता एकाच पट्ट्यात दाटीवाटीने बसलेत. मीटिंगपुरता वायरचा हेडफोन लावा, नाहीतर फोन आणि लॅपटॉप दोघांनाही झेपेल अशी मधली जागा शोधून परत 5 वर जा. दोन्ही फायदे एकदम मिळणार नाहीत.

सरळसोट
म्हणजे सगळ्यांनी 2.4 च ठेवावा. 5 ला बॅटरीही जास्त लागते, त्यानेच फोन दमून हॉटस्पॉट बंद करत असणार.

तारजोडणी
भिंत मधे असेल तर ठेवावा. फोन हाताच्या अंतरावर असेल तर 5 च बरा, विशेषतः आजूबाजूला वीस-पंचवीस वायफायची नावं दिसत असतील तेव्हा. गर्दीत 2.4 वर जोडणी सुटत नाही, पण इतकी रडत चालते की ती सुटल्यासारखीच वाटते. आणि बँडमुळे हॉटस्पॉटचं बटण बंद पडत नाही. लॅपटॉप सुटला, परत जोडताच आला नाही आणि मग मुदत संपली, असं वळसा घालून मात्र होऊ शकतं.

खिडकीपाशी
घड्याळ लावून बघितलं. बारा मिनिटांनी आलो तर हॉटस्पॉट चालू होता. लॅपटॉप झोपला होता, झाकण उघडल्यावर आपोआप जोडला गेला. वीस मिनिटांनी आलो तर हॉटस्पॉट बंद. लॅपटॉप बॅटरीवर पाच मिनिटांत झोपतो. पाच अधिक दहा पंधरा, हिशेब जुळतोय! इतके दिवस मी सिमकार्ड काढून पुसत होतो.

आता फोनमधली आपोआप बंद होण्याची मुदत काढून टाकली. विसरलो तर हॉटस्पॉट रात्रभर चालू राहील, तेवढंच.

निवांतपणे
ती मुदत काढायची सोय माझ्या फोनमध्ये नाहीच. मी एक जुना फोन चार्जरला लावून कायम हॉटस्पॉटला जोडून ठेवलाय. लॅपटॉप झोपला तरी एक गिऱ्हाईक दुकानात असतंच, त्यामुळे शटर पडत नाही. जुगाड आहे, पण वर्षभर चाललाय. एकच सांगतो, त्या जुन्या फोनवर हे नेटवर्क metered म्हणून ठेवा. मी ठेवलं नव्हतं, तर पहिल्याच रात्री त्याने सगळी अॅप अपडेट करून दिवसाचा डेटा संपवला.

सफरछंदी
आयफोनवाले कोणी? माझ्याकडे मिनिटं निवडायची सोय नाही, सेव्हरही बंद, तरी लॅपटॉपला फोनचं नाव सापडतच नाही.

उंबरठा
बहिणीचा आयफोन आहे. तिचं असं ठरलंय की Personal Hotspot चं पान उघडायचं, लॅपटॉप जोडला जाईपर्यंत त्याच पानावर थांबायचं आणि मगच फोन खाली ठेवायचा. पान बंद करून थोड्या वेळाने लॅपटॉपवर शोधलं तर नाव दिसत नाही. आयफोन 12 किंवा त्यापुढचा असेल तर त्याच पानावर "Maximize Compatibility" आहे. ते चालू केलं की 2.4 वर येतो. तिच्या जुन्या लॅपटॉपला त्याशिवाय नावच दिसत नव्हतं.

सफरछंदी
पानावर थांबलो, जोडला गेला! हे कुठून कळावं माणसाला?

सरळसोट
माझंही थोडं दुरुस्त करतो. घरातल्या दुसऱ्या फोनवर मुद्दाम बॅटरी सेव्हर लावून बघितला, हॉटस्पॉट चालूच राहिला. माझ्या फोनवर मात्र लगेच बंद होतो. म्हणजे कंपनीगणिक वेगळं दिसतंय. आणि डेटा सेव्हर चालू असेल तर माझ्या फोनवर हॉटस्पॉटचं बटण दाबताच येत नाही. मी इतके दिवस हे दोन्ही सेव्हर एकच समजत होतो.

रात्रपाळी
माझी केस वरच्या कशातच बसत नाही. हॉटस्पॉट चालू, लॅपटॉप जोडलेला, Signal 95%, पण दर पाऊण तासाने नेट मरतं. फोनवर विमान मोड लावून काढला की परत येतं.

तारजोडणी
दोन काळ्या खिडक्या उघडा. ipconfig मध्ये Default Gateway चा पत्ता मिळेल, तो फोनचा पत्ता. एका खिडकीत ping -t लिहून तो पत्ता टाका, दुसरीत ping -t 8.8.8.8. दोन्ही चालू ठेवून काम करा. नेट गेलं की बघा, दोन्ही थांबल्या तर गडबड फोन आणि लॅपटॉपच्या मधे. फोनची चालू राहिली आणि बाहेरची थांबली तर वायफाय निर्दोष आहे, फोनचं मोबाइल नेटच अडकलंय. मग बँड आणि सेव्हर उलटसुलट करण्यात अर्थ नाही.

रात्रपाळी
केलं. फोनची ping एक-दोन मिलीसेकंदात येतच राहिली, बाहेरची Request timed out. त्या वेळी फोनवरही पान उघडत नव्हतं, हे आधी कधी तपासलंच नव्हतं. फोन बऱ्यापैकी गरम होता. चार्जिंगला लावलेला असतो आणि वर कव्हर आहे.

निवांतपणे
गरम होण्यानेच. कव्हर काढा.

तारजोडणी
असू शकेल, पण पाऊण तासाचा ठरलेला ठोका उष्णतेला शोभत नाही. थंडीत आणि उन्हात वेळ बदलायला हवी. कव्हर काढून, चार्जर सोडून एकदा बघा. मग USB tethering वर एकदा. केबलवरही पाऊण तासानेच मेलं तर वायफायचा संबंध पूर्ण सुटला, सिमवाल्यांकडेच जावं लागेल.

रात्रपाळी
कव्हर काढलं, चार्जर काढला. आज एकदा सत्तेचाळीस मिनिटांनी गेलं, एकदा दोन तास गेलंच नाही. केबल उद्या आणतो.