शिक्क्याखालचा आकडा: वाचलेला की काढलेला?

> जुन्या सातबाऱ्याच्या स्कॅनवर जांभळा शिक्का नेमका क्षेत्रावर बसलाय. अंदाजाने भरू का?

अंदाजाने नको. स्कॅन रंगीत असेल तर आधी ImageMagick ने लाल चॅनल वेगळा काढा. जांभळी शाई त्यात फिकी पडते, काळ्या शाईचा आकडा गडदच राहतो:

```
magick utara.png -channel R -separate lal.png
```

आकडा निळ्या पेनाने लिहिला असेल तरी लाल चॅनलच ठेवा, B मध्ये निळी शाईही फिकी पडते. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये यातलं काहीच चालत नाही, मूळ कागद पुन्हा रंगीत स्कॅन करावा लागतो.

माझ्याकडच्या एका उताऱ्यावर तिघांची क्षेत्रं ०.४५, ०.३_ आणि ०.३८ हेक्टर होती, एकूण १.२० स्पष्ट. वजाबाकीने ०.३७ आलं. शिक्क्याच्या कडेला अंकाची खालची गोलाई दिसत होती. १, ३ किंवा ९ असता तर खाली शेपटी निघाली असती, म्हणजे ७ जुळतो. तरीही मी तो 'वाचला' म्हणून भरला नाही. शेजारच्या रकान्यात 'बेरजेवरून काढला' असं लिहिलं, कारण हाताने केलेली बेरीजच चुकलेली असू शकते. हे प्रकार काही कमी नाहीत!

दोन आकडे झाकलेले असतील तर बेरजेवरून फक्त त्या दोघांची मिळून रक्कम कळते. ती वाटून टाकायचा मोह होतो. तिथे ०.३? असंच ठेवा, शून्य तर मुळीच नको, नाहीतर पुढे कुणीतरी ते खरं क्षेत्र समजून बेरजेत धरेल.

आकड्यावर पेनाची रेघ असेल तर आधी शेजारी छोटी सही आहे का बघा. असली तर आकडा बहुधा खोडून दुरुस्त केलेला असतो, मग खालचा वाचत बसू नका.